जुन्या कंपनीचा कागद

जून संपत आला की माझ्याकडे पिशव्या यायला लागतात. कापडाच्या दुकानाची पिशवी, मिठाईच्या दुकानाची पिशवी, एकदा तर लग्नात मिळालेल्या आहेराची पिशवी. आत कागद. "सगळं आणलंय, बघा," असं म्हणून माणूस खुर्चीत मागे रेलून बसतो. शिरवळात आता निम्म्या घरांत कोणी ना कोणी कारखान्यात आहे. भोर, वाई, खंडाळा, फलटण इथून आलेली पोरं गावात खोल्या घेऊन राहतात, सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत हायवेला उभी असतात, आणि जुलैत रिटर्न भरायची वेळ आली की ओळखीच्या हिशेबवाल्याला गाठतात. त्या ओळखीच्यांपैकी मी एक.

गेल्या काही वर्षांत या पिशव्या उलगडताना एक गोष्ट ठळक दिसायला लागली आहे. माणसं जपून ठेवतात त्या खर्चाच्या पावत्या. विम्याचा हप्ता, मुलाची शाळेची फी, घरभाडं, मेडिक्लेम. आणि हिशेब चुकतो तो मिळकतीचे कागद नसल्यामुळे. वर्षभराची यादी करायचीच असेल, तर ती आता उलट्या टोकाकडून सुरू करावी लागते.

हे का बदललं, ते एका माणसाच्या पिशवीवरूनच सांगतो. नाव नको. आकडेही सोयीसाठी थोडे गोल केले आहेत.

आर्थिक वर्ष २०२४-२५. हा डिप्लोमा झालेला, क्वालिटीमध्ये काम करणारा. एप्रिल ते सप्टेंबर एका कारखान्यात होता, महिना ५८,००० रुपये. ऑक्टोबरपासून दुसऱ्या कारखान्यात, महिना ८२,०००. पहिल्या कंपनीने कर कापला नाही. दुसरीनेही कापला नाही. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. पहिलीने हिशेब केला की हा वर्षभर राहिला तरी ६,९६,००० होतात, त्यातून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की सात लाखांच्या आत. त्या वर्षी नव्या करप्रणालीत सात लाखांपर्यंत करपात्र उत्पन्न असेल तर करात पूर्ण सवलत होती. दुसरीने फक्त आपले सहा महिने पाहिले: ४,९२,०००. तिच्या लेखी तर प्रश्नच नव्हता.

आता दोन्ही एकत्र करा. ३,४८,००० आणि ४,९२,००० मिळून ८,४०,०००. दोन्ही कंपन्यांनी प्रमाणित वजावट आपापल्या हिशेबात धरलेली, पण माणूस एक, म्हणून वजावटही एकच. ती गेली की ७,६५,०००. यात बँकेतल्या ठेवीचं ३६,००० व्याज आणि बचत खात्याचं २,४०० आलं. ठेवीवर बँकेने कर कापला नव्हता, कारण त्या वर्षी ४०,००० च्या आत व्याज असेल तर कापत नसत. कापला नाही म्हणजे लागत नाही, असा याचा समज. बेरीज ८,०३,४००. सवलतीची रेषा ओलांडली. कर, उपकरासह, ३१,५५४ रुपये.

तो गप्प झाला. मग पिशवी माझ्याकडे सरकवून म्हणाला, "मग एवढ्या पावत्या आणल्यात त्या कशासाठी?"

प्रश्न रास्त होता. आम्ही जुन्या करप्रणालीने हिशेब मांडून बघितला. खोलीचं भाडं महिना ८,०००. दोन्ही नोकऱ्यांचा मूळ पगार मिळून वर्षाला ३,६०,०००. भाड्यातून मूळ पगाराचा दहावा हिस्सा वजा केला की घरभाडे भत्त्याची सूट ६०,००० बसते. भविष्यनिर्वाह निधी, विमा, शाळेची फी आणि पीपीएफ मिळून दीड लाखाची मर्यादा पुरेपूर भरली. मेडिक्लेमचे १८,०००. व्यवसाय कर २,५००. बचत खात्याचं व्याजही वजा. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,००० च. सगळं करून करपात्र उत्पन्न ५,९५,५०० आणि कर ३२,८६४. म्हणजे नव्या प्रणालीपेक्षा तेराशे रुपये जास्तच. वर्षभर जपलेल्या पिशवीने त्याचा एक रुपया वाचवला नाही.

घरकर्ज असतं, तर चित्र पालटलं असतं; राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या प्रणालीत मोठा फरक पाडते. म्हणून पावत्या फेकून द्या असं मी कोणाला सांगत नाही. पण २०२३-२४ पासून नवी प्रणाली आपोआप लागू होते, जुनी हवी असेल तर मुदतीत रिटर्न भरताना ती निवडावी लागते, आणि नव्या प्रणालीत यातल्या बहुतेक पावत्यांना किंमत नाही. मार्च महिन्यात कर वाचवायला म्हणून पॉलिसी विकत घेणारे लोक अजूनही भेटतात. त्यातले निम्मे नव्या प्रणालीत असतात आणि त्यांना ते माहीत नसतं.

कर एवढ्यावर थांबत नाही. कापला गेलेला कर वजा जाता दहा हजार किंवा जास्त कर उरत असेल, तर तो वर्षातच आगाऊ भरायचा असतो. त्याने भरला नव्हता. जुलैत भरताना उशिराचं आणि हप्ते चुकल्याचं व्याज मिळून सुमारे २,८५० रुपये आणखी गेले. ही रक्कम टाळता येण्यासारखी होती. ऑक्टोबरमध्ये नव्या कंपनीत रुजू होताना फॉर्म १२बी नावाचा एक कागद देता येत होता. जुन्या कंपनीत एप्रिलपासून किती पगार मिळाला, किती पीएफ गेला, किती कर कापला, एवढंच त्यात असतं. हवं तर ठेवीचं व्याजही कंपनीला सांगता येतं. तो कागद दिला असता तर नव्या कंपनीने सहा महिन्यांत दरमहा साधारण ५,२५० कापले असते आणि जुलैत भरायला काही उरलं नसतं. रुजू होताना कागदपत्रांचा जो गठ्ठा पुढे येतो, त्यात बँकेचा तपशील, आधार, फोटो, शिक्षणाचे दाखले सगळं मागतात. हा एक कागद बहुधा कोणी मागत नाही. मागितला तर लोक कोरा सोडतात, कारण जुन्या कंपनीतला पगार नव्या साहेबाला कशाला सांगायचा, असं वाटतं.

नोकरी बदलण्याची ही सवय आपल्याकडे आता नवी राहिलेली नाही. दोन-तीन हजार जास्त मिळाले की पोरं या गेटमधून त्या गेटमध्ये जातात. कंत्राटी असतील तर माणूस त्याच मशिनवर आणि कंत्राटदार वर्षात दोनदा बदललेला. प्रत्येक कंत्राटदार म्हणजे आयकराच्या लेखी वेगळा मालक. म्हणून यादीतली पहिली ओळ "यंदा मला पगार कोणी कोणी दिला" ही असली पाहिजे. तिच्यापुढे एक नाव असेल किंवा चार.

आणि इथे एक खाच आहे, जी अनुभवाशिवाय लक्षात येत नाही. लोक म्हणतात, जुन्या कंपनीचा फॉर्म १६ जूनमध्ये येईलच की. कर कापला असेल तर येतो. १५ जूनपर्यंत द्यायचा असतो. पण हा दाखला मुळात कापलेल्या कराचा आहे. कर कापलाच नसेल तर कंपनीवर तो द्यायचं बंधन नाही. बऱ्याच कंपन्या तरीही पगाराचा तपशील देतात, पण सोडून गेलेल्या माणसाच्या मागे लागून कोणी देत नाही.

या माणसाचं तेच झालं. फॉर्म १६ आला नाही. पगाराच्या स्लिपा कंपनीच्या पोर्टलवर होत्या, आणि नोकरी सोडली त्या दिवशीच लॉगिन बंद झालं. त्याने मला पासबुक दाखवलं: दरमहा ४९,००० च्या आसपास जमा. "हाच पगार धरा ना." हा धरला तर चुकतं. खात्यात येतो तो हातात पडणारा पगार; पीएफ, व्यवसाय कर, कँटीन, बसचे पैसे कापून उरलेला. रिटर्नमध्ये लागतो तो कापण्याआधीचा. ५८,००० ऐवजी ४९,००० धरले असते तर सहा महिन्यांत ५४,००० रुपये कमी दाखवले गेले असते. शेवटी जुन्या खात्यातल्या एका मित्राने मध्यस्थी केली आणि आठ दिवसांनी सहाही स्लिपा ईमेलवर आल्या.

तेव्हापासून मी एकच सांगतो. राजीनामा मंजूर झाला की गेटपास परत करण्याआधी एप्रिलपासूनच्या सगळ्या स्लिपा डाउनलोड करून स्वतःच्या ईमेलवर पाठवा. कंपनीच्या ईमेलवर नव्हे, तोही बंद होतो. नंतर फुल अँड फायनलचा कागद येतो, रजेचे पैसे, राहिलेला बोनस वगैरे. तो या स्लिपांमागे लावा. त्यातली कुठली रक्कम करमुक्त आणि कुठली नाही, हे जुलैत बघता येतं. कागदच नसेल तर काहीच बघता येत नाही. आणि पीएफ काढू नका, नव्या कंपनीच्या खात्यात वळवा. पाच वर्षं पुरी व्हायच्या आत काढला तर तो करपात्र होतो. वळवला तर आधीची वर्षं धरली जातात.

पगारानंतर व्याज. पासबुकावर बचत खात्याचं व्याज तिमाहीला छापून येतं, ते लोकांना माहीत असतं. फसवणूक होते ती मुदतीनंतर एकरकमी मिळणाऱ्या ठेवीत. वडिलांनी मुलाच्या नावावर तीन लाख तीन वर्षांसाठी ठेवले. तीन वर्षं पासबुकात एक ओळ नाही. बँक मात्र दरवर्षी साठत गेलेलं व्याज त्या त्या वर्षाचं म्हणून आयकर खात्याला कळवते. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बँकेत जाऊन व्याजाचा दाखला मागायचा, सगळ्या ठेवींचा मिळून. हल्ली मोबाइल ॲपमधूनही निघतो. घेताना ठेवींची संख्या मोजायची. एकाच माणसाचे दोन ग्राहक क्रमांक असतील तर दाखला अर्धाच निघतो, आणि आपल्याकडे सहकारी बँकेत लहानपणी काढलेलं एक खातं आणि पगाराचं दुसरं, हे नेहमीचंच.

पतसंस्थेचं व्याज तर कित्येकदा सरकारी पत्रकात दिसतच नाही. दिसत नाही म्हणून करमुक्त होत नाही. पतसंस्थेच्या पासबुकाची झेरॉक्स यादीत स्वतंत्र ओळ म्हणून ठेवा.

सरकारी पत्रक म्हणजे वार्षिक माहिती विवरण, लोक त्याला एआयएस म्हणतात. २०२१ च्या नोव्हेंबरपासून ते मिळतं. आधीच्या २६एएसमध्ये मुख्यतः कापलेला आणि भरलेला कर दिसायचा. एआयएसमध्ये पगार, व्याज, लाभांश, शेअर आणि म्युच्युअल फंडांची विक्री, अशी तुमच्याबद्दल इतरांनी कळवलेली माहिती असते. incometax.gov.in वर लॉगिन करून ते उतरवता येतं. पीडीएफला पासवर्ड असतो: पॅन लहान अक्षरांत आणि लगेच जन्मतारीख, मधे जागा नाही. पॅन ABCDE1234F आणि जन्म १५ ऑगस्ट १९९० असेल तर असा:

```
abcde1234f15081990
```

इथे माझ्या टेबलावर दरवर्षी दोन प्रकारची घाई दिसते. काही जण मे महिन्यातच येतात, "परतावा लवकर मिळतो" म्हणून. पण शेवटच्या तिमाहीत कापलेल्या कराचं विवरण कंपन्या आणि बँका ३१ मेपर्यंत देतात, व्याजाची माहितीही त्याच तारखेपर्यंत जाते. म्हणजे मेमधलं एआयएस अर्धं शिजलेलं. जूनच्या मध्यानंतर बघितलं की भरलेलं दिसतं. दुसरी घाई करणारे एआयएस उघडतात, आहे ते तसंच रिटर्नमध्ये उतरवतात आणि आपले कागद बघतही नाहीत. त्यात एकच ठेव दोनदा आलेली मी पाहिली आहे, आणि संयुक्त खात्याचं व्याज पहिल्या नावाच्या माणसाच्या माथी पूर्ण पडलेलंही. अशा वेळी त्याच ओळीवर जाऊन ती माहिती चूक किंवा दुहेरी असल्याचं नोंदवता येतं. पण तुमच्याकडे बँकेचा दाखला असेल तरच ते धाडस करा. एआयएस हे पडताळणीसाठी आहे, हिशेब तुमचाच.

आता यादीबद्दल. माझ्या घरी ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर आहे, जिथे बायको दुधाचा हिशेब लिहायची. चार रकाने. कागद कोणता. कोण देणार. कधी मिळणार. आणि चौथा, जो लोक करत नाहीत: कागदावरचा आकडा आणि क्रमांक. पॉलिसीचा क्रमांक, कर्ज खात्याचा क्रमांक. २०२४-२५ च्या रिटर्नपासून जुन्या प्रणालीत वजावटी मागताना हे तपशील फॉर्ममध्येच भरावे लागतात. नुसती रक्कम लिहून चालत नाही. रिटर्नला कागद जोडायचे नसतात हे खरं, पण कागद हातात असल्याशिवाय आता रकानेच भरत नाहीत.

यादी महिन्यांप्रमाणे आपोआप लांबत जाते. एप्रिलमध्ये व्याजाचे दाखले, आणि कर्ज असेल तर बँकेकडून मुद्दल-व्याजाचं वार्षिक प्रमाणपत्र. मेअखेर देणगीचे दाखले. एखाद्या ट्रस्टला दिलेल्या देणगीची साधी पावती आता पुरत नाही, फॉर्म १०बीई लागतो, आणि दोन हजारांहून जास्त देणगी रोख दिली असेल तर तिची वजावट मिळत नाही. जूनच्या मध्याला फॉर्म १६. मधल्या काळात बँकेने कर कापला असेल तर दर तिमाहीला फॉर्म १६ए. जानेवारीत कंपनी गुंतवणुकीचे पुरावे मागते, तेव्हा दिलेल्या कागदांची प्रत आपल्याकडे ठेवावी, कारण कंपनी ती परत देत नाही. म्युच्युअल फंड किंवा शेअर विकले असतील तर वर्षाचा नफा-तोट्याचा तक्ता एप्रिलमध्येच उतरवून ठेवायचा, एवढं पुरे.

घरभाड्याच्या पावत्यांबद्दल मात्र जरा थांबतो, कारण शिरवळात खोल्या भाड्याने देणं हा निम्म्या गावाचा जोडधंदा आहे. भाडं वर्षाला एक लाखाच्या आत, म्हणजे महिना ८,३३३ पर्यंत असेल तर कंपनीला घरमालकाचा पॅन द्यावा लागत नाही. त्यामुळे गावातली बरीचशी भाडी ८,००० ला येऊन थांबतात, असं मला गमतीने वाटतं. रोख भाडं पाच हजारांच्या वर असेल तर पावतीवर एक रुपयाचं महसुली तिकीट लावतात. पण खरा पुरावा म्हणजे बँकेतून दरमहा गेलेली रक्कम. डिसेंबरात एकदम बारा पावत्या, एकाच पेनाने, एकाच शाईत लिहून आणणारे बघितलेत मी. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने खोट्या वजावटींविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी तपासणी केली, तेव्हा अशा पावत्या लिहून देणाऱ्यांची झोप उडाली होती.

थर्मल कागदावर छापलेल्या पावत्या, औषधांच्या, तपासणीच्या, वर्ष संपायच्या आत पांढऱ्या पडतात. आल्या दिवशी मोबाइलने फोटो काढा किंवा झेरॉक्स मारा. दुसरा उपाय मला माहीत नाही.

आणि ऊस. कारखान्यात नोकरी आणि घरी ऊस, हे आपल्या भागातलं नेहमीचं जोडकाम. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून त्याचा कागदच ठेवायचा नाही, अशी पक्की समजूत. पण सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल आणि तुमच्या वाट्याचं निव्वळ शेती उत्पन्न वर्षाला ५,००० च्या वर असेल, तर साधा आयटीआर-१ भरता येत नाही, आयटीआर-२ लागतो. शिवाय शेतीवर कर नसला तरी पगारावरच्या कराचा दर ठरवताना ती रक्कम जमेस धरली जाते. म्हणून ऊसबिलं, खत-बियाण्यांच्या पावत्या, तोडणी-वाहतुकीच्या कपातीचे कागद यांची एक ओळ यादीत हवी. निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर गेलं तर जमीन कुठल्या जिल्ह्यात, किती एकर, बागायत की जिरायत, हेही फॉर्ममध्ये विचारतात. आमच्या क्वालिटीवाल्याचा ऊस वडिलांच्या नावावर होता, म्हणून तो सुटला. पण बिलाचे पैसे त्याच्या खात्यात जमा झाले होते, आणि ते वडिलांचे हे दाखवायला बिलाची प्रत शोधावी लागली. ती मिळाली, देव्हाऱ्यामागे.

२०२५-२६ साठी करसवलतीची रेषा बारा लाखांवर गेली आहे. याच माणसाचे तेच आकडे त्या वर्षी असते तर कर शून्य आला असता. मात्र रेषा वर गेली तरी दोन नोकऱ्यांचा पेच सुटत नाही, तो तेवढ्याच उंचीवर जाऊन बसतो: इकडे सात लाख, तिकडे सात लाख, दोन्हीकडे कर शून्य आणि बेरीज चौदा. आणि १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा २०२५ आला. कलमांचे क्रमांक बदलले, म्हणून मी यादीत कलमं लिहीतच नाही. "८०सी" असं लिहिण्याऐवजी "विम्याचा हप्ता", "पीपीएफ", "शाळेची फी" असं लिहिलं की कायदा बदलला तरी यादी चालते.

कागद मी सहा वर्षं ठेवतो. दर वर्षाची एक फाइल, वर त्या वर्षाच्या यादीचा फोटो छापून लावलेला.

क्वालिटीवाला २०२५ च्या ऑक्टोबरात पुन्हा आला. पुन्हा नोकरी बदलली होती, या वेळी हायवेच्या पलीकडच्या कारखान्यात. पिशवी नव्हती. मोबाइल पुढे केला: एप्रिल ते सप्टेंबर, सहा स्लिपा, सहा फाइली, नावं तारखेप्रमाणे. "१२बी भरायचाय," म्हणाला, "यात कर कापलेला रकाना शून्य लिहू की कोरा सोडू?"

शून्य लिही, म्हटलं.